खपली धरेपर्यंत

शनिवारी सकाळी आरशात पाहिलं, तर कपाळावर, मानेवर आणि जिथं चारचौघांत खाजवता येत नाही अशा सगळ्या जागी पाण्याचे फोड. दोन आठवड्यांपूर्वी लेकीनं पाळणाघरातून कांजिण्या आणल्या, तेव्हा मी ऐटीत सांगत होते, मला काय होतंय, मला लहानपणीच येऊन गेल्यात, आई सांगते ना! आता आईला फोन लावला, तर ती म्हणाली, "अगं, तो गोवर असेल बहुतेक. की कांजिण्या तुझ्या दादाला आल्या होत्या?" घ्या! इतकी वर्षं मी दादाच्या कांजिण्यांवर मिजास मारत होते.

मी हॉस्पिटलच्या नोंदणीच्या खिडकीवर बसते. तिथं हे प्रकरण अंगावर काढून चालत नाही. डॉक्टरांना दाखवून आले आणि आमच्या साहेबांना आणि कर्मचाऱ्यांची तब्येत बघणाऱ्या सिस्टरना एकत्रच मेसेज टाकला:

"मला कांजिण्या झाल्या आहेत. आज सकाळी फोड उठले. नवीन फोड येणं थांबून, असलेले सगळे सुकून खपली धरेपर्यंत घरीच राहायला सांगितलं आहे. त्यानंतर सिस्टरना दाखवून, त्यांनी परवानगी दिली की कामावर येईन. फोड उठण्याच्या एकदोन दिवस आधीपासून लागण होऊ शकते, म्हणून माझ्याबरोबर बसलेल्यांना कृपया कळवावं."

साहेबांनी अंगठा पाठवला. सिस्टरचा मात्र लगेच फोन आला. "काल खिडकीवर शेजारी कोण होतं? ड्युटीचा तक्ता बघतेय मी. तिसऱ्या खिडकीवालीचं नाव आहे. तिचे लसीचे दोन्ही डोस झालेत, ती सुटली. अजून कुणी?"

 काल तिसऱ्या खिडकीवाली नव्हतीच. रेडिओ होती.

रेडिओ म्हणजे माझी खिडकीतली नेहमीची शेजारीण. तोंड मिटलं तर गुदमरेल अशी बाई. आमच्याकडे ड्युटी तोंडी बदलायची रीत आहे. तक्त्यात खाडाखोड करायची तर साहेबांची सही लागते आणि साहेब त्या सहीसाठी खेटे घालायला लावतात. म्हणून तू माझी पाळी कर, मी तुझी करते, की झालं काम. काल रेडिओची सुट्टी होती, पण ती बदली बसली. दिवसभर माझ्या कानाशी बडबडली, माझ्या बाटलीतून पाणी प्यायली. आणि रेडिओला दिवस गेलेत, हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं.

"थोड्या वेळानं फोन करू का, सिस्टर?" म्हटलं. त्या म्हणाल्या, "करा. पण आजच करा."

रेडिओनं पहिल्या रिंगलाच उचलला. मी सगळं सांगितलं. ती आधी हसली. "मला लहानपणी येऊन गेल्यात. आई सांगते."

"माझीही आई तेच सांगत होती."

मग ती हसायची थांबली. "हे बघ, कागदावर मी काल नव्हतेच. नाव घेऊ नकोस."

"रक्त तपासून घे फक्त. एक तपासणी, तेवढ्यावर भागेल."

"आणि नाही भागलं तर? घरी बसवतील. कायमच्या जागेची मुलाखत तोंडावर आलीय. पोटुशी बाई कंत्राटात असली की तिचं काय होतं, तू पाहिलंयस. आणि मागच्या वेळी सगळ्यांना सांगून बसले, मग एकेकाला सांगत फिरावं लागलं की नाही राहिलं. मला पुन्हा तसं फिरायचं नाही. शपथ आहे तुला."

"मी बाहेरच्या बाहेर तपासून घेते," असं ती शेवटी म्हणाली. रेडिओचं बोलणं आणि रेडिओचं करणं यांची गाठ क्वचितच पडते, हे मला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांनी सांगितलेलंही डोक्यात घुमत होतं: गरोदर बाईला प्रतिकारशक्ती नसेल तर तिच्याही जिवावर बेतू शकतं, बाळालाही धोका असतो. एक इंजेक्शन असतं, पण ते दहा दिवसांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं बरं.

अंगाला खाज सुटली होती आणि मनालाही. लेक माझ्या फोडांना कॅलामाइन लावत बसली होती, स्वतः अनुभवी असल्याच्या थाटात. "आई, खाजवू नको हं, खड्डे पडतात," म्हणाली. मला एकदम रडू आलं. ही पोटात असताना कुणी माझ्याबाबतीत असं गप्प बसलं असतं तर?

सिस्टरना फोन केला. "काल शेजारी दुसरी बसली होती. ड्युटी बदलली होती आम्ही." नाव सांगितलं.

"तिला काही आजार, काही औषधं? गरोदर आहे का?"

"हो," मी म्हणाले. एवढंसं अक्षर, पण तोंडातून काढताना दात उपटल्यासारखं झालं.

सिस्टर म्हणाल्या, "हे माझ्याकडेच राहील." आणि त्यांनी ते त्यांच्याकडेच ठेवलं, खोटं का बोलू? त्याच दिवशी रेडिओला बोलावून रक्त घेतलं. प्रतिकारशक्ती शून्य. तिची आईही आमच्याच आईच्या वर्गातली निघाली. दुसऱ्या दिवशी इंजेक्शन दिलं. पण इंजेक्शननं आजार उशिरा डोकं वर काढू शकतो, म्हणून एरवी एकविसाव्या दिवसापर्यंत दूर ठेवतात, ते तिला अठ्ठाविसाव्यापर्यंत. इतके दिवस घरी कशाला, हे ओळखायला साहेबांना कुणाची चुगली लागली नाही. साहेबांना मुलं आहेत, त्यांनाही सगळं कळतं. मुलाखत त्याच दिवसांत झाली आणि जागा दुसऱ्याच मुलीला गेली.

मी रेडिओला बारा-तेरा मेसेज केले. निळ्या खुणा उमटत. उत्तर नाही.

माझे फोड सुकले, काळ्या खपल्या धरल्या. सिस्टरनी केसांत बोटं घालून डोकं पाहिलं, पाठ पाहिली, कानामागे पाहिलं. "एकही ओला नाही. नवा नाही. ताप नाही. या उद्यापासून." कागदावर सही झाली. कागद हातात घेऊनही मला हलकं वाटेना. खिडकीवर परत बसले, तर शेजारची खुर्ची रिकामी. लोक विचारत, "त्या बडबड्या बाई कुठं गेल्या?" मी म्हणे, "रजेवर." मीच तिला रजेवर घातलंय हे कुणाला सांगणार?

अठ्ठावीस दिवस उलटले आणि कामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचा मेसेज आला: "लक्षणं नाहीत. सिस्टरची परवानगी घेतली आहे. उद्यापासून हजर." माझ्या मेसेजसारखाच, नेमका, कोरडा. त्यात तिचं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. ओढणी पुढून सैल सोडली होती, तरी पोट दिसत होतंच. तिनं खुर्ची ओढली, माझ्यापासून हातभर लांब नेली आणि संगणक सुरू केला. सबंध सकाळ आमच्या खिडकीवर छापणाऱ्या मशीनचा आवाज ऐकू येत होता. इतक्या वर्षांत मला तो पहिल्यांदा ऐकू आला.

जेवणाच्या सुट्टीआधी गर्दी जरा ओसरली. तिनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"सोनोग्राफी झाली काल. बाळ ठीक आहे," ती म्हणाली. "तुझ्याशी मी बोलणार नाहीये. पण तू मनातल्या मनात विचारत बसशील, म्हणून सांगितलं."

मी मान हलवली. तिनं पाहिली की नाही, माहीत नाही. पुढचा नंबर पुकारायचा होता. मी दोनदा तोंड उघडलं, आवाज फुटेना. शेवटी तिनंच माझ्या खिडकीचा नंबर पुकारला.