मराठी प्रत ग्राह्य

नोटीस वाचता वाचता सुखदाचं डोकं तिसऱ्याच ओळीला फिरलं.

एचएसआर लेआउटमधल्या अप्पासाहेबांच्या घरात ती वर भाड्यानं राहायची. खाली न्याम्बुरा, केनियाहून नोकरीसाठी आलेली. तिच्या बाथरूमचं छत दिवाळीपासून गळत होतं. अप्पासाहेबांचं घराणं चार पिढ्या बेंगळुरातलं, पण घरचे कागद मराठीतच लिहायचे हा त्यांचा बाणा. आता न्याम्बुराला द्यायच्या या नोटिशीचं इंग्रजी सुखदानं करायचं आणि खाली भाषांतरकार म्हणून सहीही ठोकायची.

नोटिशीत लिहिलं होतं, ‘भाडे पुढील महिन्यापासून पाच हजारांनी वाढेल. गळतीची दुरुस्ती भाडेकरूने स्वखर्चाने करावी. वाद झाल्यास मराठी प्रतच ग्राह्य.’ खाली भाडेकरूच्या संमतीची जागा.

“दुरुस्तीचं तेवढं स्वल्प वेगळं लिही,” अप्पासाहेब म्हणाले. “मालक लवकरच करून देतील, असं. म्हणजे ती सही करेल. तू आपली माणूस, म्हणून सांगतो.”

आपली माणूस! खायचे दात मराठीत, दाखवायचे इंग्रजीत, आणि उद्या बोंब झालीच तर पकडायला सुखदाची सही तयार. असली आपुलकी गेली खड्ड्यात! त्या परक्या मुलीला इथं दुसरं कोण वाचून दाखवणार होतं?

तिनं शब्दाला शब्द लावून इंग्रजी केलं. शेवटची ओळही सोडली नाही. संध्याकाळी अप्पासाहेब सही घ्यायला खाली गेले, तेव्हा तीही मागोमाग गेली.

न्याम्बुरानं दोन्ही कागद शेजारी ठेवले, इंग्रजी वाचलं आणि कपाटातून आपला करार काढला. अकरा महिने भाडं ठरलेलं, त्यातले पाच अजून बाकी. छताभिंतींची दुरुस्ती मालकाची. तिनं संमती दिली, तरच यातलं काही बदलणार होतं. तिनं पेन उचललंच नाही.

अप्पासाहेब सुखदाकडे वळले. चेहरा लालबुंद. “हे असं लिहायला सांगितलं होतं मी? आपली असून घात केलास. पुढच्या महिन्यात तुझा करार संपतोय ना? सामान बांध. आणि या काळीला सांगू नकोस काही. तिला काय कळतंय!”

पुण्याहून आलेल्या सुखदालाही इथं नवं घर शोधायचं म्हणजे दिव्यच होतं.

“काय म्हणाले ते?” न्याम्बुरानं इंग्रजीत विचारलं.

अप्पासाहेबांनी डोळे वटारले. सुखदानं त्यांच्याकडेच बघत, एक शब्दही मवाळ न करता, सगळं इंग्रजीत सांगितलं. सामान बांध, तेही. ‘काळी’, तेही.

“नो, नो, मॅडम! शी इज ट्रान्सलेटिंग राँग!” अप्पासाहेब स्वच्छ इंग्रजीत ओरडले.

न्याम्बुरानं उठून दार सताड उघडलं आणि त्यांना बाहेरची वाट दाखवली. मग खुर्ची ओढून सुखदाला म्हणाली, “तू बस.”