आकृतीविना सहा

तोंडी परीक्षेच्या चिठ्ठीवर रस्त्यांच्या जाळ्याची आकृतीच छापली नव्हती. छापखान्याच्या नावाने बोटं मोडत मी माझ्याकडची आकृती काढली, तोच विद्यार्थिनी म्हणाली, "राहू द्या मॅडम. 'अ'पासून ड सर्वांत कमी अंतरात गाठायचंय ना? अ कुणाकुणाला जोडलाय, तेवढंच सांगा."

"ब चार किलोमीटरवर, क एकवर."

"जवळचा क. तिथून पुढे?"

"ब दोन, ड सात."

"म्हणजे ब तीनवरच आला, ड आठवर. आता ब. तिथून?"

"ड तीन."

"मग ड सहावर. झालं."

मी आकृतीवर बोट फिरवून बेरीज केली: अ-क-ब-ड, सहाच. आकृती समोर ठेवून, तिच्यात सरळ दिसणारी वाट धरून मी नऊ वर्षं 'अ-ब-ड, सात' असंच शिकवत होते.

मी आकृती टराटरा फाडली आणि पुढच्याला हाक मारली, "ये. चित्र मिळणार नाही."