कोरे गोल

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला दहा दिवस उरले होते. लातूरच्या त्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवणाऱ्या दामिनी मॅडमनी निलंग्याहून आलेल्या रुद्राणीची सराव उत्तरपत्रिका पुढ्यात ओढली. एकशे ऐंशी प्रश्नांपैकी एक्केचाळीस प्रश्नांचे गोल कोरे होते.

"निलंग्यात शाई महागली का गं?"

रुद्राणी हसली नाही. "चुकलं की दोन जातात ना मॅडम."

खऱ्या परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीला एकच कापतात. दोन कापायचा नियम क्लासचा होता, आणि तो दामिनी मॅडमनीच जूनमध्ये सुचवला होता. पोरांची अंदाजाने उत्तर ठोकून द्यायची खोड मोडावी म्हणून. खोड मोडली होती. जानेवारीत याच नियमाने पाच गुण कमी पडून रुद्राणी पहिल्या बॅचमधून दुसरीत गेली होती.

"एकशे बाराव्यात काय अडलं? मूत्रपिंडात ग्लुकोज सर्वांत जास्त कुठं परत शोषलं जातं?"

"दोन पर्याय कापले होते. पीसीटी का डीसीटी, म्हणजे जवळची नलिका का लांबची, एवढंच राहिलं. पीसीटीच वाटत होतं."

"मग?"

"वाटत होतं मॅडम. खात्री न्हाई."

"दोनच उरलेत असे आठ प्रश्न घे. नुसत्या अंदाजानं चार बरोबर आले तरी सोळा मिळतात, चार जातात. बारा पदरात. कोरे ठेवलेस तर शून्य."

मॅडमनी पेन्सिल दिली. "कोऱ्यांपैकी जिथं मनात काही आलं होतं, तिथं आता खूण कर."

रुद्राणीने चौतीस खुणा केल्या. सात प्रश्न तिला खरोखरच येत नव्हते. मॅडमनी उत्तरसूचीवरून त्या तपासल्या. पंचवीस बरोबर, नऊ चूक. खऱ्या नियमाने एक्क्याण्णव गुण वाढत होते. पाचशे सोळाचे सहाशे सात.

मॅडमना वाटले, पोरगी उजळेल. रुद्राणी आकड्याकडे बघत राहिली.

"म्हणजे मला येत होतं?"

"हो."

"मग वर्षभर मी कशाला भ्यायले?"

मॅडमनी मान खाली घातली नाही. "नियम माझा होता, बाळा. चुकलाच. आजपासून एकच कापायचा."

त्यांनी लगेच दहा प्रश्नांची चिठ्ठी काढली, कोरी उत्तरपत्रिका दिली आणि घड्याळ लावले. रुद्राणीने सहा गोल भरले. सातव्यावर तिचा पेन टेकला, कागदाला बारीकसा ठिपका पडला, आणि पेन उचलला गेला.

वेळ संपली तेव्हा चार गोल कोरे होते.

"यातले किती येत होते?"

"तीन."

"एकच कापणार होते मी. सांगितलं होतं ना?"

"माहीत हाय मॅडम," रुद्राणी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "हातच पुढं जात न्हाई."

दामिनी मॅडमनी दुसरी चिठ्ठी काढली. पुढच्या दहा दिवसांत हा हात पुढे जाईल की नाही, हे त्यांना सांगता येत नव्हते.