शॉवरमागचा जोड

सासूबाईंच्या उजव्या मनगटाला प्लास्टर घातलं होतं आणि घरात सगळे एकच वाक्य घोकत होते, त्या घसरल्या. डॉक्टर म्हणाले घसरल्या, शेजारीण म्हणाली या वयात पाय घसरायचाच, नवरा म्हणाला, "आई, मी तुला कितीदा सांगितलं, बाथरूममध्ये रबराची चटई टाकत जा."

सासूबाई मात्र ऐकत नव्हत्या. "मी घसरले नाही. मला नळ चावला."

"नळ चावत नसतो, आई."

"मग माझा हात कुणी झटकला? तुझ्या बापानं?"

माझे सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा पुन्हा मशिनीकडे गेला. आमच्या पुढच्या खोलीतच त्याचं शिलाईचं काम चालतं. दोन मशिनी, एक मोठी इस्त्री आणि कायम कुणाचे तरी गणवेश. त्या आठवड्यात एका शाळेची मोठी ऑर्डर होती आणि त्याला मशीन सोडून जगात दुसरं काही दिसत नव्हतं.

मला मात्र ते "चावला" डोक्यातून जाईना. सासूबाई फटकळ आहेत, पण खोटं बोलायचा त्यांना कंटाळा आहे. मी नवऱ्याच्या हत्यारांच्या डब्यातून टेस्टर घेतला. माझे दोन्ही भाऊ वायरमन, त्यामुळे टेस्टर कसा धरायचा एवढं मला लहानपणापासून येतं. बाथरूम कोरडं होतं. पायात चप्पल ठेवून, दारातून हात लांब करून मी टेस्टरचं टोक शॉवरच्या लोखंडी पाइपला लावलं. काही नाही. मग बाहेरच्या बोर्डावरचं बाथरूमच्या लाईटचं बटण दाबलं आणि पुन्हा लावलं.

टेस्टरमधला दिवा मिणमिणला.

लाईट बंद केला, दिवा विझला. लावला, पेटला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाईट लावला की नळ चावतो आणि अंधारात अंघोळ कोण करतं?

हा सगळा प्रकार पंख्यापासून सुरू झाला होता. बाथरूममध्ये वाफ कोंडायची, छताला काळी बुरशी धरली होती, सासूबाईंना खोकला लागायचा. म्हणून धाकट्या भावाला, बारक्याला, सांगितलं की वरच्या झरोक्यात एग्झॉस्ट फॅन बसव. मी तेव्हाच म्हटलं होतं, त्याचं बटण वेगळं हवं. अंघोळ झाली की सासूबाई लाईट बंद करतात, आणि नेमका तेव्हाच पंखा चालायला हवा. बारक्या म्हणाला, "हो ताई, करतो." नवरा म्हणाला, पॅसेजमध्ये नुकताच रंग दिलाय, भिंतीला भोक पाडायचं नाही. मग बारक्यानं काय केलं, तर आरशावरच्या लाईटमधूनच वायर घेतली. लाईटबरोबर पंखा सुरू, लाईटबरोबर बंद. ती वायर शॉवरच्या पाइपला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधत वर नेली. मी कुरकुर केली, तेव्हा दोघंही म्हणाले, चालतंय ना.

चालत नव्हतंच. पंखा बसल्यापासून कुणी शॉवर सुरू केला की घरातली वीज खटकन जायची आणि नवऱ्याच्या मशिनी शिवणाच्या मध्यावर थांबायच्या. मग एक दिवस वीज जायची थांबली. मी समजले, बारक्यानं पंखा दुरुस्त केला असणार.

मी मीटरच्या पेटीशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला. दोन्ही मशिनी गप्प झाल्या. पेटीला कुलूप लावलं आणि चावी कमरेला खोचली.

"अगं, काय केलंस? वीज गेली का?" नवरा आतून म्हणाला.

"गेली नाही. मी घालवली."

"वेडी झालीस का? उद्या माल द्यायचाय."

"तुमच्या आईला शॉक बसलाय. पाइपमध्ये करंट उतरलाय, मी टेस्टर लावून बघितलं. जोवर तो पंखा नीट होत नाही, तोवर या घरात दिवा लागणार नाही."

त्यानं चावी मागितली. मी दिली नाही. मग तो ज्या आवाजात कारागिरांवर ओरडतो त्या आवाजात ओरडला, आणि मी ज्या आवाजात कधीच ओरडत नाही त्या आवाजात ओरडले. शेजारीण दारात आली आणि तशीच परत गेली. सासूबाई आतून शांतपणे म्हणाल्या, "चावी देऊ नकोस."

मी थोरल्या भावाला फोन केला. बाजारात माझ्या दादाला सगळे 'मिरची' म्हणतात, आणि ते तिखट आवडतं म्हणून नाही. बारक्यालाही बोलावलं. दोघं एकापाठोपाठ आले.

दादानं आधी मला पेटी उघडायला लावली, चावी मी पुन्हा कमरेला खोचली. मेन खाली असल्याची खात्री केली आणि बॅटरी मारून आत बघितलं. गळती झाली की वीज तोडणारा जो ट्रिप स्विच असतो, त्याला वळसा घालून तारेचे दोन तुकडे जोडले होते. स्विच जागेवर होता, शोभेला.

"हे कुणी केलं?"

बारक्या जमिनीकडे बघत होता.

"मी विचारतोय, हे कुणी केलं?"

"दाजी म्हणाले, मशिनी सारख्या थांबतात, काहीतरी कर."

"आणि तू हे केलंस. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. अरे गाढवा, तो स्विच ओरडून सांगत होता की कुठंतरी पाणी शिरलंय. तू त्याचंच तोंड बांधलंस." मग तो माझ्या नवऱ्याकडे वळला. "आणि जावईबापू, तुमची शिवण महत्त्वाची. आई काय, दुसरी मिळेल."

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. त्याला आत्ता कळत होतं की त्यानं काय करायला सांगितलं होतं. पण कळलं म्हणून माझा राग कमी झाला नाही.

दादा स्टुलावर चढला आणि पाइपवरच्या पट्ट्या कापल्या. पंख्याची स्वतःची वायर वीतभरच येते, ती पुरली नाही म्हणून बारक्यानं तिथंच पुढची वायर पिळून जोडली होती आणि वर काळी टेप गुंडाळली होती. तो जोड शॉवरच्या तोटीच्या अगदी मागं होता. टेप सुटून लोंबत होती, आत पाणी होतं, तांबं हिरवं पडलं होतं. दादानं तो ओला जोड कापून बारक्याच्या हातावर ठेवला.

"धर. दुसऱ्याच्या घरी असा जोड ठेवला असतास?"

"नाही."

"मग बहिणीच्या घरी का?"

बारक्या आता उसळला. "कारण इथं भिंतीला हात लावायचा नव्हता. मला वाटत होतं हे चुकतंय. वीज जायला लागली तेव्हा तुला करायला फोन हातात घेतलाही होता. पण तुला फोन करायचा म्हणजे आधी पोटभर शिव्या खायच्या, मग उत्तर. म्हणून नाही केला."

दादा काही म्हणणार, तोच मी मध्ये पडले.

"पुरे. हे भिंतीला जपत होते, हा तुझ्या तोंडाला भीत होता, आणि तुला तोंड आवरत नाही. तुम्हा तिघांच्या मध्ये त्या म्हातारीचं मनगट मोडलं. आता ज्याला काम येतं त्यानं काम करा. भांडण नंतर."

दादानं मान हलवली आणि वायरचं भेंडोळं काढलं.

त्यानं बारक्यालाच काम करायला लावलं, स्वतः फक्त उभा राहिला. आधी त्या वळशाच्या तारा काढून ट्रिप स्विच जसा होता तसा जोडला. मग पॅसेजमधल्या बोर्डात, बाथरूमच्या दाराबाहेर, लाईटच्या शेजारी पंख्यासाठी वेगळं बटण बसवलं. बोर्डापासून भिंतीवर सरळ वर प्लॅस्टिकची नळी नेली आणि दाराच्या वर, छताला लागून, भोक पाडलं. रंगाचा पोपडा नवऱ्याच्या खांद्यावर पडला. त्यानं तो झटकलाही नाही.

आत नळी छताच्या कडेनं, शॉवरच्या समोरच्या भिंतीवरून फिरवत झरोक्यापर्यंत नेली. वायर बटणापासून पंख्यापर्यंत एकसंध, मध्ये कुठंही तुकडा नाही. पंख्याचं मागचं झाकण उघडल्यावर आत वायरी कसायचे स्क्रू होते. बारक्यानं ते पहिल्या वेळी उघडूनच बघितलं नव्हतं. कंपनीची वीतभर वायर काढून टाकली आणि नवी वायर थेट त्या स्क्रूंमध्ये कसली.

"झाकणाची रबरी कडा नीट बसव," दादा म्हणाला. आवाज चढा होता, पण शिवी नव्हती. "आणि वायर वरून आत घालू नकोस. खाली झोका दे, मग वर घे. भिंतीवरून ओघळलेला थेंब झोक्याच्या तळाशी गळून पडतो, आत जात नाही."

"माहीत आहे."

"माहीत आहे तर कर."

पाइपवर आता काहीच बांधलेलं नव्हतं. मी चावी दिली. मेन वर गेला. दादानं ट्रिप स्विचवरचं छोटं बटण दाबलं, खटकन वीज गेली. "हे असं जायला पाहिजे," तो नवऱ्याला म्हणाला. "महिन्यातून एकदा दाबून बघायचं. नाही गेली तर मला फोन करा." मग बारक्याकडे न बघता पुढं म्हणाला, "मी शिव्या देणार नाही." बारक्यानं त्यावर विश्वास ठेवल्यासारखं दिसलं नाही. स्विच पुन्हा वर केला. मी लाईट लावून पाइपला टेस्टर धरला. दिवा लागला नाही. दादानं त्याच्या मल्टिमीटरनंही तपासलं.

"आई, झालं सगळं," नवरा सासूबाईंच्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाला. "आता बिनधास्त अंघोळ कर."

सासूबाई प्लास्टर सांभाळत पॅसेजमध्ये आल्या. त्यांनी नवं बटण बघितलं, भिंतीवरची नळी बघितली, मग मुलाकडे बघितलं.

"आधी तू."

"मी सकाळीच केली."

"पुन्हा कर. लाईट लावून, पंखा लावून, नळाला हात लावून. मी इथंच बसते."

"आई, सगळ्यांसमोर काय..."

"मी घसरले म्हणून सगळ्यांसमोरच सांगत होतास ना? मग अंघोळही सगळ्यांना कळू दे."

मला हसू आलं नाही. दादालाही नाही. मी पॅसेजमध्ये त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवली आणि नवऱ्याच्या हातात टॉवेल दिला. तो आत गेला. आधी पंख्याची घरघर ऐकू आली, मग बराच वेळ काहीच नाही.

"नळ सोड," सासूबाई म्हणाल्या.

पाणी पडायला लागलं. पुढच्या खोलीत कारागिरानं मशीन सुरू केली होती आणि ती मध्येच थांबली नाही.

थोड्या वेळानं पाण्याच्या आवाजातून नवऱ्याचा आवाज आला, "आई, माझं चुकलं."

"ऐकू येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "बाहेर येऊन सांग."