तीन नंबर दाबायचा राहिला

शिल्पाच्या एकाच कीबोर्डला तीन यंत्रं जोडलेली होती. एक नंबरचं बटण दाबलं की लॅपटॉप, दोन दाबलं की सासऱ्यांचा टॅब, तीन दाबलं की तिचा फोन. हथखोजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याची बिलं ती घरूनच करायची.

आज सासऱ्यांनी पुन्हा काम थांबवलं होतं. स्टील प्लांटमधून रिटायर झालेल्या मित्रांच्या ग्रुपवर काही लिहायचं होतं, अन् टॅबच्या काचेवर त्यांची बोटं धड चालत नव्हती. ते सांगत गेले, तिनं दोन दाबून टॅबवर लिहून दिलं. मग पाठवण्याआधी एकदा वाचतो म्हणून ते टॅब घेऊन दिवाणावर बसले.

शिल्पा तणतणतच बहिणीला कीबोर्डवरूनच फोनवर लिहू लागली. बटणांकडे बघूनच टाइप करायची तिची सवय. 'बुढ्यानं जीव खाल्ला माहा. एक दिवस सुखानं काम करू देत नाही.' मान वर केली, तर फोनवर एक अक्षर नाही. तीन दाबायचं राहूनच गेलं होतं.

"बेटा," दिवाणावरून आवाज आला, "हे माह्याकडे येऊन राहिलं. मले पुसता येत नाही."

ती बॅकस्पेस दाबत राहिली, अन् सासरे टॅबकडे बघत राहिले. एकेक अक्षर मागं गेलं. शेवटी सासऱ्यांनी सांगितलेलं तेवढं उरलं:

'माही सून मले सारं लिहून देते.'