शाही वरात

बाबारावची बँडपार्टी वाजवायची झकास, पण गिऱ्हाईक मिळायचं ते स्वस्तातलं. महाल भागातल्या त्याच्या दुकानात दोनच दर होते. साध्यात आठ वाजवणारे, ज्याच्या त्याच्या घरच्या कपड्यांत, दीडशे रुपयांत. स्पेशलमध्ये पंधरा जण, लाल कोट, तुऱ्याचे फेटे, अडीचशे. लोक दोन्ही ऐकून घेत आणि साधा ठरवून मोकळे होत.

एक दिवस त्याची बायको पंचफुला इतवारीच्या बाजारातून लुगडं घेऊन हसतच घरी आली.

"दुकानदारानं आधी मले आठशेचा शालू दाखवला. मंग दोनशेचं लुगडं स्वस्तच वाटलं. गेली होती मी शंभराचं घ्याले. तुमी बी वर एक महागाचा दर ठेवा. त्याले कोणी हात लावणार नाई, पण स्पेशल स्वस्त दिसन."

बाबारावनं पाटीवर तिसरा दर रंगवला. शाही: पंचवीस वाजवणारे, नवरदेव हत्तीवर, बाराशे रुपये. हत्ती त्याच्याकडे नव्हता. कोणी मागणारच नव्हतं, तर हवा कशाला?

आणि खरंच जादू झाली. लोक शाहीचा आकडा वाचून हसत, साधा घेतला तर सोयरे नावं ठेवतील म्हणून बिचकत, आणि स्पेशलवर बोट ठेवत.

मग नरखेडकडचे संत्रा बागाईतदार मनोहरराव आले. पोराची वरात काढायची होती.

"आमच्याकडे सगळे स्पेशलच घेतात," बाबाराव सवयीनं म्हणाला.

"सगळे घेतात ते मी काहून घेऊ? माह्या साडभावानंही तेच घेतलं होतं. शाही लिहा."

"हत्तीची लय कटकट असते, मनोहरराव. स्पेशलमध्ये दोन सनईवाले फुकट देतो."

"तुमी मले स्वस्तातलं काहून गळ्यात मारून राहिले?" मनोहररावांनी बयाण्याची आगाऊ रक्कम टेबलावर ठेवली.

नशिबानं शहरात सर्कस उतरली होती. बाबारावनं हातापाया पडून तिथली हत्तीण भाड्यानं आणली आणि दुसऱ्या पार्टीचे दहा वाजवणारे उसने घेतले. वरात निघाली. ढोलावर पहिली थाप पडली आणि हत्तीण सर्कशीच्या सवयीनं मटकन खाली बसून सोंड उंचावून सलाम करू लागली. नवरदेवानं माहुताच्या गळ्याला मिठी मारली. बँड थांबला की ती उठून चालू लागे. वाजला की पुन्हा बसे.

शेवटी पंचवीस जण वाद्यं काखेत धरून मुकाट तिच्यामागून मांडवापर्यंत चालत गेले. बाबाराव लाजेनं मेल्यासारखा झाला. पैसे परत मागतील म्हणून तो मांडवाच्या मागे जाऊन उभा राहिला.

मनोहररावांनी त्याला शोधून काढलं. चेहरा फुलला होता.

"साडभाऊ म्हणते, हत्ती सलाम करतो अशी वरात विदर्भात झाली नाई. बँडाचा आवाज थोडा कमी वाटला, पण चालते."

सर्कशीचं भाडं आणि उसन्या माणसांची मजुरी देऊन बाबारावच्या हाती काही उरलं नाही. पण पुढल्या लग्नसराईत जो तो आधी हत्तीचं विचारू लागला. बाबारावनं शाहीचा दर अडीच हजार करून टाकला. लोक तो ऐकत, हळहळत, आणि स्पेशल ठरवून समाधानानं घरी जात.