कुठवर आलास?

किर्गिझस्तानात, बिश्केकच्या एका विद्यापीठात लेखन-मदत केंद्र होतं, आणि केंद्रात मदतनीस म्हणून बेगिमाय होती. हिवाळ्यात तिथं चिटपाखरूही फिरकत नसे. मुलं घरबसल्या संगणकावरून मजकूर पाठवत.

त्या दुपारी तिनं डोंगराळ नारिन भागातल्या सिरगाक नावाच्या विद्यार्थ्याचा संदेश उघडला. आत प्राध्यापकांची सूचना, 'आपल्या गावातला एक बदल, इंग्रजीत', आणि खाली गुणतक्ता. निबंधाचा मसुदा? एक ओळसुद्धा नाही. सोबत, सगळी मुलं म्हणत तसं तिला 'एजे', म्हणजे ताई, म्हणत एवढंच: "एजे, ही शेवटची संधी आहे. नापास झालो तर विद्यापीठातून नाव काढतील."

आता काय द्यावं? निबंधाचा आराखडा, की कामाची दिवसवार आखणी? की आधी विचारावं, बाबा रे, कुठवर आलास? केंद्राचा नियम सांगायचा, आधी विचारा. पण विचारलं की पोरं गप्प होत. आराखडा दिला की धन्यवाद येत, लाल बदामाची चित्रं येत. आणि खरं सांगायचं तर बेगिमायला त्या बदामांची भूक होती. आई गेल्यापासून तिच्याशी आपणहून कोणी बोलत नव्हतं.

तिनं झकास आराखडा पाठवला. 'पुराव्या'खाली लिहिलं: स्थलांतराची सरकारी आकडेवारी.

निबंध देण्याच्या दिवशी सिरगाक चक्क स्वतः आला. टोपीवर बर्फ, हातात आईनं तळलेले बोरसोक, कणकेचे खुसखुशीत तुकडे.

"घ्या एजे, खा. तुमच्यामुळे सुटलो बघा!"

बेगिमायनं हरखून चहा ओतला आणि निबंध वाचला. आराखड्यातला प्रत्येक मुद्दा होता. माणूस मात्र एकही नव्हता.

"सुरुवातीला काहीच लिहिलं नव्हतंस ना?"

"होतं की! फोनवर, किर्गीझमध्ये. बाबा मॉस्कोला गेल्यावर आई जेवताना त्यांच्या जागेवर फोन ठेवते, तिकडून ते जेवतात, इकडून आम्ही. रेंज गेली की आई त्यांच्या जागेवरचा चहाचा पेला उचलत नाही. असलंच काहीबाही."

"मग पाठवलं का नाहीस?"

"किर्गीझमधलं मसुदा म्हणून कसं धरायचं? आणि तुमच्या आराखड्यात ते कुठंच बसेना. पुसून टाकलं."

बेगिमायनं गुणतक्ता पुन्हा उघडला. सर्वांत जास्त गुण 'स्वतः पाहिलेल्या पुराव्या'ला होते.

"सिरगाक, चूक माझी आहे. संध्याकाळपर्यंत वेळ आहे. बस इथं, ते पुन्हा लिही. मी आहे."

तो संगणकापुढे बसला. दोन वाक्यं लिहिली, खोडली.

"नाही येत, एजे. तेव्हा रडत लिहिलं होतं. आता तुमची आकडेवारीच आठवते."

आहे तोच निबंध त्यानं पाठवला, टोपी चढवली आणि वाकून तिचे आभार मानले. इतके मनापासूनचे आभार तिला कधी मिळाले नव्हते, आणि ते घेताना तिला मान वर करवेना.